नाकातले केस उपटू नका, कात्रीने कापा



या पानावर आपण सहसा खत, बियाणे, जनावरांचे आजार आणि लहान मुलांचे आरोग्य यांविषयी वाचता. आज नाकातल्या आणि कानातल्या केसांविषयी लिहीत आहे. विषय पाहून काहींना हसू येईल. पण मागच्या हंगामात आपल्यातल्याच एका शेतकरी बंधूला या केसांपायी आठ दिवस इस्पितळात काढावे लागले. घरच्यांची संमती घेऊन आणि नाव-गाव वगळून ती हकीकत सांगतो. तिच्यावरून माझे जे मत बनले आहे, तेही मांडतो.

हे बंधू चोपन्न वर्षांचे. साखरेचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, पण कामाच्या धांदलीत त्या अधूनमधून चुकतात. भाताची मळणी नुकतीच आटोपली होती आणि पुतणीचे लग्न चार दिवसांवर आले होते. बुधवारी संध्याकाळी आरशात पाहताना नाकातून दोन-चार केस बाहेर आलेले दिसले. फोटोत बरे दिसणार नाही म्हणून त्यांनी घरातला चिमटा घेतला आणि सात-आठ केस मुळापासून उपटले. डोळ्यांत पाणी आले, दोन शिंका आल्या आणि विषय संपला असे त्यांना वाटले.

शुक्रवारी सकाळी उजवी नाकपुडी दुखू लागली. नाकाचे टोक हाताला गरम आणि कडक लागत होते. आत बोट घालून पाहिले तर बारीक पुळी. लग्न दोन दिवसांवर, म्हणून त्यांनी ती दोन नखांत धरून दाबली. थोडा पू आला, थोडे रक्त आले आणि तेवढ्यापुरते हलके वाटले. शनिवारी वरचा ओठ सुजला आणि हुडहुडी भरली. रविवारी पहाटे त्यांच्या पत्नीला दिसले की उजव्या डोळ्याची खालची पापणी फुगून डोळा अर्धा मिटला आहे. घरात लग्नाची गडबड होती, पण या माउलीने लग्न बाजूला ठेवले आणि नवऱ्याला गाडीत घालून थेट इस्पितळात नेले. तिथे रक्तातली साखर तीनशेच्या वर निघाली. शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली. विष डोळ्यामागे पोहोचलेले नव्हते, म्हणून आठ दिवसांत ते घरी आले. डॉक्टरांनी सांगितले की आणखी एक दिवस घरी काढला असता तर एवढ्यावर निभावले नसते.

इतके थोडे केस उपटल्याने एवढे कसे झाले, हे समजून घेऊ. प्रत्येक केस कातडीतल्या एका बारीक खळग्यात उभा असतो. केस कापला तर खळगा बंदच राहतो. केस उपटला की खळगा उघडा पडतो, कधी आत बारीक रक्तही येते. दहापैकी साधारण तीन निरोगी माणसांच्या नाकाच्या तोंडाशी स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू कायमचे मुक्काम करून असतात. कातडी शाबूत आहे तोवर ते काही करत नाहीत. खळगा उघडा मिळाला की ते आत शिरतात आणि मुळाशी पू धरतो. यालाच आपण केसतूड म्हणतो. मांडीवरचे केसतूड आणि नाकातले केसतूड यांत मात्र मोठा फरक आहे. नाक आणि वरचा ओठ यांच्या शिरा डोळ्यामागच्या शिरांना आणि त्यांच्यातून कवटीच्या आतल्या शिरांना जोडलेल्या आहेत. तिथले रक्त उलट दिशेनेही जाऊ शकते. पुळी दाबली की पू बाहेर येतो तसा तो आतही ढकलला जाऊ शकतो. मेंदूपाशी गाठ होण्यापर्यंत मजल क्वचितच जाते, प्रतिजैविकांमुळे तर फारच क्वचित. पण ज्याच्यावर ती वेळ येते त्याचा डोळा किंवा जीव धोक्यात असतो. साखरेचा आजार असणाऱ्यांत जंतू लवकर फोफावतात, म्हणून त्यांनी दुप्पट जपले पाहिजे.

यावर गावात एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: ‘आम्ही वीस वर्षे उपटतो आहोत, काही झाले नाही.’ खरे आहे, पुष्कळांना काही होत नाही. पण उपटून मिळते काय, तेही पाहावे. केस कायमचा जात नाही, त्याच खळग्यातून तो पुन्हा येतो. फार तर कापण्यापेक्षा थोडे अधिक दिवस मिळतात. त्या थोड्या दिवसांसाठी नाकात जखम करून घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कापल्याने केस जाड होतात ही समजूतही खरी नाही. कापलेले टोक बोथट असल्यामुळे ते बोटाला खरखरीत लागते, एवढेच.

दुसऱ्या टोकाला काही जण म्हणतात की हे केस देवाने दिले आहेत, त्यांना हात लावूच नये. त्यांच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. नाकातले केस हे आपल्या घराच्या दाराशी लावलेल्या जाळीसारखे आहेत. मळणी करताना, भुसा भरताना, गोठा झाडताना उडणारा जाड कचरा तिथेच अडकतो आणि शेंबडाबरोबर बाहेर पडतो. २०११ साली तुर्कस्तानातील डॉक्टरांनी ऋतूनुसार नाक वाहणाऱ्या २३३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या नाकात केस अगदी थोडे होते, त्यांच्यात दमा अधिक आढळला. एवढ्यावरून केस काढले की दमा होतो असे म्हणता येत नाही, पण ही जाळी निरुपयोगी नाही एवढे तरी मानावे. म्हणून नाकपुडी आतून सफाचट करणे चूक आहे. आणि केस आहेत म्हणून तोंडाला फडके न बांधणेही चूकच. बुरसटलेल्या पेंढ्याची बारीक धूळ या जाळीतून आरपार जाते आणि फुप्फुसापर्यंत पोहोचते. तिच्यासाठी नाकातोंडावर नीट बसणारा मास्क हवा, निदान दुहेरी घट्ट कापड तरी हवेच.

मधला मार्ग सोपा आहे. सरळ उभे राहून आरशात पाहिल्यावर जो केस नाकपुडीच्या बाहेर दिसतो, तेवढाच कापावा. जो दिसत नाही त्याला हात लावू नये. हा एक नियम पाळला तर जाळीही राहते आणि चेहराही नीटनेटका दिसतो.

कापण्यासाठी बोथट, गोल टोकाची छोटी कात्री घ्यावी. ती औषधाच्या किंवा सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मिळते. शिवणकामाची टोकदार कात्री, ब्लेड किंवा वस्तरा नाकापाशी नेऊ नये. अंघोळीनंतरची वेळ चांगली, कारण तेव्हा केस मऊ असतात आणि नाकही स्वच्छ असते. आधी हात साबणाने धुवावेत. कात्री साबणाने धुऊन, पुसून, स्पिरिटचा बोळा फिरवून वाळू द्यावी. दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी किंवा चांगल्या दिव्याखाली आरसा ठेवावा. डाव्या हाताच्या अंगठ्याने नाकाचे टोक हलकेच वर उचलावे, म्हणजे नाकपुडीची कड उघडी दिसते. कात्रीचे टोक सतत डोळ्यांना दिसत राहिले पाहिजे. ते दिसेनासे झाले म्हणजे आपण फार आत गेलो. कात्री कडेला समांतर धरून, हळू श्वास सोडत, एका वेळी दोन-तीन केस कापावेत. श्वास सोडत असल्यामुळे तुकडे आत ओढले जात नाहीत. शेवटी नाक हलकेच शिंकरावे आणि कड ओल्या फडक्याने पुसावी. हात थरथरत असेल तर स्वतः कापू नये, घरातल्या दुसऱ्या कोणाकडून कापून घ्यावे.

बॅटरीवर चालणारे छोटे यंत्रही मिळते. त्याची पाती जाळीच्या आत असल्यामुळे कातडी कापण्याची भीती कमी, म्हणून वयस्कर माणसांना ते सोयीचे. पण त्याची पाती धारदार हवीत. पाती बोथट झाली की यंत्र केस कापण्याऐवजी ओढते, आणि ओढणे म्हणजे उपटणेच. केस ओढला जातो असे जाणवले की यंत्र थांबवावे, पाती ब्रशने झाडावीत आणि तरीही सुधारणा नसेल तर ती बदलावीत. यंत्रसुद्धा नाकाच्या कडेशीच फिरवायचे, आत खुपसायचे नाही. कात्री असो वा यंत्र, ते एका माणसाचे एकच असावे. बाप-लेकांनीही ते वाटून घेऊ नये.

चुकून ओरखडा गेला आणि रक्त आले तर पुढे वाकून बसावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. मधे सोडून पाहत बसू नये. नाकात हळद, चुना, तंबाखू असले काही भरू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष सांभाळावे. त्यांचे रक्त दहा मिनिटांत थांबले नाही तर डॉक्टर गाठावा.

आता कानाकडे वळू. चाळिशी-पन्नाशी उलटली की पुष्कळ पुरुषांच्या कानावर राठ केस येऊ लागतात. ते वरच्या कडेवर येतात आणि कानाच्या भोकासमोर जी छोटी कुरकुरीत पाकळी असते, तिच्यावर झुपक्याने येतात. हे वयाचे लक्षण आहे, आजार नव्हे. हे बाहेरचे केस खुशाल कापावेत. पाकळी बोटाने गालाकडे हलकेच ओढली की झुपका उभा राहतो. तो बारीक कंगव्यात धरून कंगव्यावरून कात्री चालवावी, म्हणजे कातडीला पाते लागत नाही. कापताना भोकाच्या तोंडाशी बाहेरून दिसेल असा कापसाचा मोठा बोळा ठेवावा आणि काम झाल्यावर आठवणीने काढावा. कापलेला राठ केस आत पडला आणि पडद्याला टेकला तर जबडा हलवताना कानात खरखर ऐकू येते. तसे झाल्यास डोके त्या बाजूला कलवून कानाची पाळी हलवावी. केस नाही निघाला तर डॉक्टरांकडून काढून घ्यावा. काडी घालून शोधू नये.

कानाच्या भोकाच्या आत मात्र कात्री, चिमटा, यंत्र यांपैकी काहीही नेऊ नये. तिथले बारीक केस आणि मळ मिळून धूळ-किड्यांना अडवतात, आणि मळ आपोआप हळूहळू बाहेर सरकतो. आतली कातडी फार पातळ असते आणि ती जवळजवळ हाडालाच चिकटलेली असते. तिच्यावर ओरखडा गेला आणि पाणी शिरले की कान सुजतो, पाकळी दाबली तरी कळ येते. साखरेच्या माणसाला रात्री झोपू न देणारी कानदुखी लागली आणि कानातून पाणी येऊ लागले, तर ती साधी समजू नये, कारण अशा माणसात ती लागण हाडापर्यंत उतरू शकते. बाजारात कान कोरून देणारे बसतात आणि काही सलूनमध्ये कानाचे केस ज्योतीने जाळून देतात. या दोन्ही गोष्टींना माझा विरोध आहे. जे कानात ऐकण्याचे यंत्र लावतात, त्यांचे आतले केस दाट असले तर यंत्र नीट बसत नाही आणि शिट्टी वाजवते. त्यांनी ते केस कानाच्या डॉक्टरांकडूनच कापून घ्यावेत.

आता किती दिवसांनी कापावे, हा प्रश्न. नाकाचे केस बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांनी कापावे लागतात. कानाचे महिन्या-दीड महिन्याने पुरतात. म्हणजे केस कापायला सलूनला जाल, तेवढ्यातच ते उरकते. पण सगळ्यांची वाढ सारखी नसते, म्हणून तारीख पाळण्यापेक्षा आरसा पाळावा. शनिवारी रविवारच्या मिस्साची तयारी करताना, नखे कापता तेव्हाच, एकदा आरशात पाहावे. केस बाहेर दिसला तर कापावा, नाही दिसला तर आरसा ठेवून द्यावा. रोज किंवा आठवड्यातून दोनदा कापत राहण्याची गरज कोणालाच नाही. तसे करणारा हळूहळू आत-आत जातो आणि मग एक दिवस ओरखडा काढतो. मळणीच्या आठवड्यात तर मी म्हणेन की हात लावूच नये. धूळ-भुशात काम करताना नाकात ताजी चीर नसलेली बरी. नाक चोंदलेले असेल, आत खपली किंवा पुळी असेल, तेव्हाही कापू नये. लग्न-नाताळासाठी कापायचे तर चार-पाच दिवस आधी कापावे, आदल्या रात्री घाईने नव्हे.

सलूनमध्ये कापून घेणाऱ्यांना एक विनंती. आपला न्हावी आपल्याच गावचा असतो, त्याला सांगायला संकोच कसला? ‘भाऊ, नाकातले उपटू नकोस, मेण लावू नकोस, बाहेर दिसतात तेवढेच काप, आणि ही माझी कात्री घे,’ एवढे सांगितले की पुरे. नाकात बारीक रक्त येते ते आपल्याला दिसतही नाही, आणि तीच कात्री पुढच्या माणसाला लागते. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचे विषाणू रक्तातून जातात. आपली कात्री खिशात नेल्याने कोणाचा अपमान होत नाही. दाढीसाठी आपण नवे ब्लेड मागतोच ना?

एक काम घरातल्या तरुणांसाठी. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचे किंवा कमी दिसणाऱ्या आजीचे नाक-कान कोणी पाहत नाही. वाकडे वाढलेले केस आणि वाळलेला शेंबूड यांचे कडक गोळे होऊन नाकात खपल्या धरतात, आणि मग म्हातारा माणूस बोटाने खपली ओढतो. कोमट पाण्यात भिजवलेले फडके मिनिटभर नाकाशी धरून खपली आधी मऊ करावी, पुसून घ्यावी आणि मगच बाहेरचे केस कापावेत. महिन्यातून एकदा पाच मिनिटे लागतात. कापण्याआधी त्यांना सांगावे. न सांगता नाकाशी कात्री नेली तर कोणीही दचकेल.

आणि शेवटी, इतके करूनही नाकात पुळी आलीच तर काय करायचे? ती दाबू नये, फोडू नये, खपली ओढू नये. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटे शेक द्यावा आणि हात नाकापासून दूर ठेवावेत. दुखणे दोन दिवसांत ओसरले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. साखरेचा आजार असेल तर दोन दिवसही थांबू नये, पहिल्याच दिवशी दाखवावे. आणि ओठ, गाल किंवा पापणी सुजली, थंडी-ताप आला, डोके फार दुखू लागले, एकाचे दोन दिसू लागले किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी गाडी काढावी आणि मोठ्या इस्पितळात जावे.

त्या बंधूंची पुतणी लग्नाच्या पोशाखातच संध्याकाळी इस्पितळात येऊन काकांचा आशीर्वाद घेऊन गेली. ते आता बरे आहेत, गोळ्या वेळेवर घेतात. त्यांच्या घरातला चिमटा आता देवघराच्या फळीवर नाही, पत्नीने तो कपाटात कुलपात ठेवला आहे. काटा मोडला तरच तो बाहेर निघतो.